चारचौघांत कौतुक, घरी शुकशुकाट

ताई, नमस्कार.

लग्नाला अकरा वर्षं झाली. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, चाळीसेक माणूस जेवायला असते. यंदाही जेवणाच्या वेळी ह्यांनी सगळ्यांसमोर मला पुरणपोळीचा घास भरवला. "हिच्यामुळेच एवढं पार पडते," म्हणाले. सगळ्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहेस. पण घास भरवताना ह्यांची नजर माझ्याकडे नव्हती, जाऊबाईंच्या मोबाइलकडे होती. शेवटचे पाहुणे गेले आणि हे कुशीवर वळून झोपले. दरवेळी असंच. साक्षगंध असो, बारसं असो की पाडवा, तिथे खांद्यावर हात, साडीचं कौतुक. एरवी महिनोन्‌महिने "हं", "बघू", "डबा भरला का". मारहाण नाही, दारू नाही. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत मी फुलोऱ्याचं तळत होते, तर न सांगता येऊन दोरे बांधत बसले. पण तेव्हाही तोंडातून शब्द नाही. आता दिवाळी जवळ आली की मला धडकी भरते. हे प्रेम खरं आहे की लोकांसाठी? मी वेडी तर नाही ना झाले?

— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

वेड्या नाही झालात. जे पाहिलंत ते नीट पाहिलंत, आणि त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण खऱ्या-खोट्याचा निकाल सणाच्या दिवसांवरून लावू नका, हे मी आधीच सांगते. सणाच्या दिवशी कोणी कुठे बसायचं, काय बोलायचं, कोणाला काय द्यायचं हे बहुतेक ठरलेलंच असतं. त्या दिवशीच्या वागण्यावरून माणूस फारसा कळत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी बराच वेळ थांबले. एक, घास भरवताना मोबाइलकडे गेलेली नजर. दुसरी, रात्री एक वाजता बांधलेले दोरे. पहिली तुम्ही दुःख म्हणून लिहिलीत. दुसरी सांगितलीत, आणि लगेच "पण" लावून बाजूला सारलीत. मला दुसरी जास्त मोलाची वाटते. फुलोरा ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक आहे की करंजी, साटोरी, वेणी, फणी यातलं काही मोडू न देता प्रत्येकाला दोरा बांधायचा आणि सगळं सारखं लोंबेल असं पाहायचं, हे किती किचकट आणि डोळे दुखवणारं काम आहे. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं रूप सगळे पाहतात, दोरे कोणी बांधले हे कोणी विचारत नाही. तिथे जाऊबाई नव्हत्या, मोबाइल नव्हता. तुम्ही होता आणि ते होते. त्या रात्रीचं काम लोकांसाठी केलेलं नव्हतं.

याचा अर्थ सगळं छान आहे असा मी काढत नाही. मुकाट्याने केलेल्या कामाने तुमची बोलण्याची भूक भागत नाही, आणि ती भूक अवास्तवही नाही. पण "ह्यांना माझ्याबद्दल काहीच वाटत नाही" असं म्हणायला तुमच्याच पत्रातला हा पुरावा आड येतो. म्हणून प्रश्न थोडा बदलू या. हे वागणं कुठून येतं, आणि साध्या मंगळवारी दुपारी त्याचं काय होतं?

कुठून येतं, तर बऱ्याच घरांत ते घरातूनच येतं. आपल्या आधीच्या पिढीत, महालातल्या वाड्यात काय किंवा गावाकडच्या घरात काय, नवऱ्याने बायकोशी वडीलधाऱ्यांसमोर चार शब्द प्रेमाचे बोलणं बसत नव्हतं. दोघांनी अंगणात बोलत उभं राहिलं तरी कोणीतरी खाकरत यायचं. मात्र त्याच घरात काही ठरावीक जागी प्रेम दाखवायला परवानगी होती. उखाण्यात नाव घ्यायचं, लग्नात घास भरवायचा, पाडव्याला बायकोने औक्षण केलं की ताटात ओवाळणी टाकायची. मुलगा जे पाहतो ते शिकतो. आईला पाडव्याला साडी मिळाली हे त्याने पाहिलेलं असतं. बाबांनी आईला कधी विचारलं की आज तू दमलीस का, हे त्याने पाहिलेलंच नसतं. मग मोठेपणी त्यालाही प्रेम दाखवायच्या जागा तेवढ्याच माहीत असतात. गर्दीत तो मोकळा होतो, कारण काय करायचं ते तिथे ठरलेलं आहे. रात्री खोलीत दोघंच उरली की काय बोलायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

आता दिखाव्याबद्दल. आर्ली हॉखशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून 1983 मध्ये एक फरक मांडला, तो इथे उपयोगी पडतो. कामाचा भाग म्हणून हसायचं असतं तेव्हा माणसं ते दोन तऱ्हेने करतात. काहीजण फक्त चेहरा हसरा ठेवतात, आतून तसं काही नसतं. काहीजण आपल्या आतच ती भावना जागी करतात: हा प्रवासी माझ्या घरी आलेला पाहुणा आहे असं मनाशी धरतात, आणि मग हसू आपोआप येतं. दोन्हीकडे प्रयत्न आहे, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण दुसऱ्या तऱ्हेत माणसाच्या आत खरोखर काहीतरी हललेलं असतं. म्हणजे ठरवून केलं म्हणून ते खोटंच, असं होत नाही. तुम्ही स्वतः सासूबाईंच्या वाढदिवसाला शिरा करता तेव्हा रोज तितकं प्रेम वाटत असतं म्हणून करता असं नाही, पण करता करता वाटायला लागतं.

हा फरक ओळखायचा कसा? चेहऱ्यापुरतं जे असतं ते पाहुण्यांबरोबर निघून जातं आणि मागे चिडचिड ठेवतं. आतून केलेलं असेल तर त्याचं काहीतरी शिल्लक राहतं. मात्र ते त्याच रात्री शोधू नका. चाळीस पानं उठल्यावर सगळेच मेलेले असतात, कुशीवर वळून झोपणं हा कशाचाच पुरावा नाही. त्यानंतरचे दोन दिवस पाहा. विसर्जन झाल्यावर मुखवटे कापडात गुंडाळून पेटीत ठेवताना ते आसपास असतात का? शेजाऱ्यांची आणलेली मोठी गंजं परत द्यायला आपणहून निघतात का? त्या दिवसातली एखादी गोष्ट, काकू काय बोलल्या, वडे कसे कमी पडता पडता वाचले, ती तुमच्याशी पुन्हा काढतात का? कौतुकाचं एखादं वाक्य तुमच्या वाट्याला एकटीला येतं का? यंदाच्या त्या दोन दिवसांत काय झालं ते तुमच्या पत्रात नाही. आठवून पाहा. रागात असलो की अशा बारीक गोष्टी नजरेआड होतात.

आणि आता मंगळवार दुपार. नवरा-बायकोच्या नात्यावर आयुष्यभर काम केलेले जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात नुकतं लग्न झालेल्या जोडप्यांना एका साध्या घरासारख्या प्रयोगशाळेत ठेवून त्यांचं रोजचं वागणं पाहिलं, आणि सहा वर्षांनी त्यांचं काय झालं ते तपासलं. त्यांचं लक्ष मोठ्या भांडणांवर किंवा मोठ्या प्रेमावर नव्हतं. एकाने काही बारीकसं म्हटलं, "बाहेर बघ कसा पाऊस आहे" एवढंच, की दुसरा काय करतो ते ते पाहत होते. अशा बारीक बोलण्याला आपण हाक म्हणू. दुसऱ्याने मान वर करून "हो ना" म्हटलं तर तो वळला. काहीच केलं नाही तर हाक वाया गेली. "मग मी काय करू" म्हटलं तर हाक तोडली. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार जी जोडपी सहा वर्षांनी एकत्र होती ती अशा 100 हाकांपैकी 86 वेळा वळली होती. ज्यांची लग्नं मोडली ती 33 वेळा. हे आकडे अमेरिकेतल्या जोडप्यांचे आहेत, आपल्या घरांना पास-नापास करायला ते वापरू नका. पण पाहायचं कुठे हे त्यावरून कळतं. घास भरवणं ही हाकेला दिलेली ओ नाही, ते त्यांनी त्यांच्या वेळेला केलेलं काम आहे. तुम्ही हाक मारलीत तेव्हा काय होतं, ते पाहायचं.

म्हणून एक काम सांगते. दसऱ्यापासून दिवाळीच्या गडबडीपर्यंत साधारण दोन आठवडे सपाट मिळतात. मुलांची एखादी जुनी वही घ्या. दिवसाला चार-पाच नोंदी, त्याहून जास्त नकोत. तुम्ही काय म्हणालात, त्यांनी काय केलं, एवढंच. मुद्दाम परीक्षा घ्यायला म्हणून वेगळं काही बोलू नका, रोज बोलता तेच बोला. आणि जितकं मन लावून त्यांची नोंद कराल तितकंच त्यांच्या हाकांचीही करा. ते काय म्हणाले आणि तुम्ही काय केलंत.

अशी एक पानभर नोंद कशी दिसते ते सांगते. सकाळी तुम्ही म्हणालात, "आज गुडघा फार दुखून राहिला." ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "गोळी घेतली का?" हे वळणं आहे. पेपर खाली ठेवला नाही म्हणून ते कमी धरू नका. दुपारी फोनवर तुम्ही सांगितलंत की शाळेत बाईंनी मुलाचं अक्षर सगळ्या वर्गाला दाखवलं. तिकडून "हं, ठेवतो". ही वाया गेलेली हाक. संध्याकाळी ते घरात शिरताना म्हणाले, "आज वर्धा रोडवर काय ट्रॅफिक होतं बाप्पा." तुम्ही कुकरकडे पाहत म्हणालात, "हात-पाय धुऊन घ्या." ही त्यांची वाया गेलेली हाक. रात्री तुम्ही म्हणालात, "रविवारी कुठंतरी जाऊ." ते म्हणाले, "तुला काय, पैसे झाडाला लागतात." ही तोडलेली.

चौदा दिवसांनी पानं वाचलीत की बेरीज करत बसू नका. पाहायचं ते वेगळं आहे. ते कोणत्या विषयावर वळतात? दुखणं, गॅस, मुलांची फी, नळाचं पाणी यावर वळत असतील आणि मनातल्या गोष्टींवर नाही, तर त्यांना काळजी करता येते, बोलता येत नाही. कोणत्या वेळेला वळतात? सकाळी वळत असतील आणि रात्री नाही, तर तुम्ही सगळं महत्त्वाचं रात्रीसाठी राखून ठेवता का ते बघा. आणि तोडलेल्या हाका किती आहेत? वाया गेलेल्या हाकांना सवय, थकवा, मोबाइल अशी शंभर कारणं असतात. तोडलेल्या हाका पानापानावर असतील तर मामला वेगळा आहे. त्याकडे मी पुढे येते.

आधी एका जोडप्याची गोष्ट. त्यांनी परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. नवऱ्याचं इतवारीत दुकान, घर मानेवाड्याला. भाचीच्या साक्षगंधात तो बायकोबरोबर नाचला, तिच्या हातचं कौतुक माईकवरून केलं. परतताना गाडीत वर्धा रोडपासून घरापर्यंत दोघांत शब्द नाही. दुसऱ्या आठवड्यात ती एकटी माझ्याकडे आली, नंतर तोही आला.

तो म्हणाला, "मॅडम, चारचौघांत कसं, ठरलेलं असते काय करायचं. घरी काही बोलायला गेलो का हिचा मूड बिघडते." मी विचारलं, बिघडतो म्हणजे काय होतं? मग दोघांकडून जे कळलं ते असं. प्रत्येक कार्यक्रमाहून आल्यावर ती चप्पल काढता काढता म्हणायची, "लोकांसमोर बरी वाचा फुटते." त्यावर तो गप्प. तो गप्प म्हणून ती आणखी बोलायची, ती बोलते म्हणून तो गच्चीवर निघून जायचा. पुढच्या कार्यक्रमात अपराधी वाटून तो दुपटीने गोड वागायचा, तेही सगळ्यांसमोर, कारण तिथे टोमणा यायचा नाही. तिचा टोमणा खऱ्या दुःखातून येत होता, त्यात तिची चूक मी मानत नाही. पण त्या टोमण्यामुळे त्याच्यासाठी गर्दी हीच सुरक्षित जागा झाली होती आणि घर धोक्याची. अशा फेऱ्यात अडकलेली जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत. फेरा कोणी सुरू केला हे शोधायला गेलं की दोघंही वकील होतात.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. पहिली, कार्यक्रमाहून आल्यावर त्या रात्री तक्रार नाही. जे सलतं ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर, एका वाक्यात. दुसरी, रोज रात्री दुकान बंद करून आल्यावर पंधरा मिनिटं गॅलरीत दोघांनी बसायचं आणि फोन आतल्या खोलीत ठेवायचे. विषय कोणताही. पहिल्या आठवड्यात तो विम्याच्या हप्त्याबद्दल आणि सोसायटीच्या टँकरबद्दल बोलला. ती वैतागून मला म्हणाली, हे काय बोलणं झालं? मी म्हटलं, झालं, चालू द्या. त्याला येतं तिथूनच तो सुरुवात करणार. तिसऱ्या आठवड्यात तो दोन दिवस विसरला. तिने आठवण करून दिली नाही, नुसती गॅलरीत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी तो आला. साधारण दोन महिन्यांनी एका रात्री त्याने सांगितलं की एका व्यापाऱ्याकडे मोठी उधारी अडकली आहे आणि त्याला झोप लागत नाही. हे त्याने भावालाही सांगितलं नव्हतं. ती मला म्हणाली, अकरा साड्या एकीकडे आणि हे एकीकडे.

सगळं बदललं असं नाही. तो अजूनही एकांतात हात हातात घ्यायला लाजतो. आणि तिने त्याला सांगून टाकलं की लोकांसमोर घास भरवू नका, मला ते नको वाटतं. त्याने थांबवलं. पुढच्या कार्यक्रमात नणंदेने तिला बाजूला घेऊन विचारलं, "दोघांचं काही वाजलं का?" ती हसली आणि काही बोलली नाही. लोकांना जे कमी झालं ते दिसलं, घरात जे वाढलं ते त्यांना दिसणार नव्हतं.

तुम्हीही कधीतरी बोलणार आहात, म्हणून कसं आणि कधी ते सांगते. दिवाळीच्या आठवड्यात नको. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तर नकोच, आणि पाडव्याला औक्षणाचं ताट हातात असताना मनात हिशेब करू नका. त्या दिवशी ते जे करतील ते करू द्या, तुमच्या मनात असेल तेवढंच तुम्ही करा. भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, फराळाचे डबे अर्धे झाले की एखाद्या रविवारी सकाळी, मुलं खेळायला गेल्यावर बसा. "तुम्ही नाटक करता" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याला "नाही करत" याखेरीज उत्तरच नाही, आणि पुढच्या सणाला जे थोडं मिळतं तेही थांबेल. असं म्हणून पाहा: "तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव काढता ते मला आवडतं. पण तेच मला घरी कधी ऐकू येत नाही, म्हणून तिथे ऐकताना मी एकटी पडते. फुलोऱ्याच्या रात्री तुम्ही येऊन बसलात तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेव्हा सांगायचं राहून गेलं." शेवटची दोन वाक्यं गाळू नका. कदाचित त्या रात्री ते तुमच्या एका शब्दाची वाट पाहत होते. कदाचित नसतीलही. विचारल्याशिवाय कळणार नाही.

मग एकच गोष्ट मागा, लहान आणि मोजता येईल अशी. "माझ्याशी नीट वागा" हे कोणालाच जमत नाही, कारण त्यात करायचं काय ते कळत नाही. "रात्री जेवताना फोन बैठकीत ठेवायचा" हे जमतं. जमलं की नाही यावर निकाल लावू नका, पहिले आठ-दहा दिवस कोणीही करून दाखवतो. विसरल्यावर ते काय करतात ते बघा. तुम्ही न सांगता त्यांनी आपणहून परत सुरू केलं तर तुमचं म्हणणं आत पोचलं आहे. विसरल्यावर तुमच्यावरच चिडले तर पोचलं नाही, आणि पुन्हा एकदा सांगावं लागेल.

आता जे मागे ठेवलं होतं ते. तुम्ही लिहिलंय की दिवाळी आली की धडकी भरते. स्वतःला एकदा खरं खरं विचारा, ही भीती एकटेपणाची आहे की त्यांची? तुमच्या पत्रावरून मला एकटेपणाची वाटते. पण पत्र म्हणजे पूर्ण घर नव्हे, आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या बायकांच्या घरी गोष्ट निराळी असू शकते.

काही घरांत लोकांसमोरचं कौतुक हे हत्यार असतं. घरी अपमान चालतो, माहेरचा उद्धार चालतो, चुकीबद्दल आठ-आठ दिवस अबोला धरला जातो, खर्चाला पैसे मागावे लागतात. बाहेर मात्र माणूस इतका गोड की तुम्ही कोणाला सांगितलंत तर तुम्हालाच खोटं ठरवतील. आणि तुम्ही त्याच्याशी बोलायला गेलात की तो म्हणतो, "सगळ्यांसमोर एवढं करतो, तरी तुझं तोंड वाकडंच." ओळखायची खूण अशी की कार्यक्रमात हसत असताना तुमचं अर्धं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे असतं, आपल्या तोंडून काही चुकीचं निघालं तर घरी गेल्यावर काय होईल या विचाराने. वहीत तोडलेल्या हाका पानापानावर दिसतील त्या अशाच घरांत. तिथे गॅलरीतली पंधरा मिनिटं उपयोगाची नाहीत. उलट तुम्ही मन उघडून जे सांगाल ते पुढच्या भांडणात तुमच्यावर फेकलं जाईल.

तसं असेल तर बोलणी करण्याआधी एका विश्वासाच्या माणसाला सांगा. बहीण, मैत्रीण, माहेरचं कोणी. "ते वाईट वागतात" असं मोघम नको, अमक्या तारखेला अमुक झालं असं सांगा. ती वही तिथे कामाला येते, मात्र घरात ठेवू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात फक्त मारहाण येत नाही. शिवीगाळ, अपमान, मानसिक छळ आणि खर्चाला पैसे न देणं हेही त्यात येतं. महिलांसाठीची 181 ही हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार न करता नुसता सल्लाही विचारता येतो. अंगावर हात उचलला नाही म्हणून आपलं काही दुःखच नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तुमच्याबद्दल एवढंच. तुमच्या नवऱ्याला प्रेम आहे, असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही. त्यांना एकट्या तुमच्यासाठी काही करता येतं, हे फुलोऱ्याच्या दोऱ्यांवरून दिसतं. तुम्हाला जसं हवं तसं ते करायला ते शिकतील का, हे त्यांनाच ठरवायचं आहे, आणि शिकले नाहीत तर तेवढ्यात तुमचं भागतं का, हे तुम्हाला. जुळवून घ्या, नवरे असेच असतात, असं मी म्हणणार नाही. दोन-तीन महिने मोकळेपणाने मागूनही काही हललं नाही तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा. ते आले नाहीत तर तुम्ही एकट्या जा, एकटीने गेल्यानेही बरंच सुटतं.

वही आजपासून सुरू करा. दिवाळीनंतर बोलणं झालं की मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात त्यांनी काय केलं आणि तुम्ही काय केलंत तेवढंच लिहा. का केलं असेल याचे अंदाज आपण मागाहून लावू.